एक्सेलमध्ये पंधरापेक्षा जास्त अंकांचे क्रमांक: शेवटचे अंक शून्य होऊ न देता यादी कशी तयार करावी

सोलापूर शहरातील आणि जिल्ह्यातील शाळांमधून केंद्रावर येणाऱ्या विद्यार्थी-याद्यांमध्ये एक चूक वारंवार दिसते. सरल प्रणालीचा १९ अंकी स्टुडंट आयडी ज्या रकान्यात असतो, त्या रकान्यातील सर्व क्रमांकांच्या शेवटी चार शून्ये आलेली असतात आणि वर्गातील प्रत्येक मुलाचा आयडी एकसारखा झालेला असतो. यादी परत पाठवली जाते, लिपिक रकान्याचे स्वरूप बदलून तीच यादी पुन्हा पाठवतात आणि शून्ये तशीच राहतात. याचे कारण असे की दुरुस्तीचा प्रयत्न चुकीच्या टप्प्यावर होतो. क्रमांक सेलमध्ये उतरण्याआधी जे करायचे असते, ते उतरल्यानंतर केले जाते.

पुढील मार्गदर्शन एका वर्गाच्या यादीचे उदाहरण धरून लिहिले आहे. सोळा अंकी बँक खाते क्रमांक, सोळा अंकी कार्ड क्रमांक किंवा आधारचा सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी यांनाही हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडते.

## नेमके काय घडते

एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंक जपते. सोळाव्या स्थानापासून पुढे जे अंक असतील, त्यांच्या जागी शून्य ठेवते. येथे संख्या पूर्णांकित होत नाही, म्हणजे शेवटचा अंक ९ असला तरी आधीचा अंक एकाने वाढत नाही. पुढचे अंक सरळ गळून पडतात आणि त्यांची जागा शून्ये घेतात.

शहराच्या पूर्व भागातील एका शाळेतील ४२ मुलांचा वर्ग उदाहरण म्हणून घेऊ. खालील क्रमांक केवळ नमुन्याचा आहे, तो कोणत्याही मुलाचा नाही. सदतिसाव्या विद्यार्थ्याचा आयडी असा आहे असे समजा:

```
2019273099999010037
```

हा क्रमांक साध्या सेलमध्ये टाइप करून एंटर दाबले, की सेलमध्ये `2.01927E+18` असे दिसते आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पुढील आकडा दिसतो:

```
2019273099999010000
```

शेवटचे 0037 गेले. एकाच शाळेत एकाच वर्षी नोंदवलेल्या मुलांच्या आयडीचा सुरुवातीचा मोठा भाग सारखाच असतो आणि मुलामुलांतला फरक शेवटच्या अंकांत असतो. गळून जातात ते नेमके हेच अंक. त्यामुळे यादीतील ४२ मुलांचा मिळून एकच आयडी उरतो.

`2.01927E+18` हे निव्वळ दिसण्याचे स्वरूप आहे, पण शून्ये हा प्रत्यक्ष झालेला बदल आहे, हा फरक ध्यानात ठेवावा. आधार क्रमांक १२ अंकी असतो. तोही साध्या सेलमध्ये `E+11` असा आखूड दिसतो, परंतु त्याचे सर्व अंक आत शाबूत असतात, आणि रकान्याला शून्य दशांश स्थळांचे `Number` स्वरूप दिले की ते पुन्हा पूर्ण दिसतात. ही युक्ती आधारवर चालते, म्हणून ती स्टुडंट आयडीवरही चालेल असे अनेकांना वाटते. स्टुडंट आयडीचे अंक मात्र आत शिल्लकच नसतात, त्यामुळे कोणतेही स्वरूप दिले तरी ते परत येऊ शकत नाहीत.

## टप्पा १: काम सुरू करण्यापूर्वीची तयारी

प्रथम यादीतील प्रत्येक रकान्याबद्दल एकच प्रश्न विचारावा: या रकान्यातील आकड्यांची बेरीज किंवा वजाबाकी कधी करावी लागेल का? गुण, उपस्थितीचे दिवस आणि शिष्यवृत्तीची रक्कम यांची बेरीज होते, म्हणून ते आकडे आहेत. स्टुडंट आयडी, आधार, बँक खाते, मोबाइल आणि शाळेचा यूडायस क्रमांक यांची बेरीज कोणी करत नाही. ही अंकांनी लिहिलेली नावे आहेत आणि ती एक्सेलला मजकूर म्हणूनच द्यायला हवीत. पंधरापेक्षा कमी अंकांचे क्रमांकही मजकूर म्हणून ठेवावेत, कारण शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकाचे पुढचे शून्य एक्सेल काढून टाकते, आणि ते नुकसान तितकेच खरे असते.

दुसरी तयारी मूळ फाइलची. पोर्टलवरून उतरवलेल्या सीएसव्ही फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि ती प्रत एक्सेलमध्ये कधीही उघडू नये. ती पाहायची असल्यास नोटपॅडमध्ये पाहावी. नोटपॅड अंकांना हात लावत नाही, त्यामुळे पुढे कोणत्याही क्रमांकाविषयी शंका आली तर हीच प्रत प्रमाण मानता येते.

खबरदारी: सीएसव्ही फाइलवर डबल-क्लिक केल्यास ती थेट एक्सेलमध्ये उघडते आणि लांब क्रमांक त्याच क्षणी छाटले जातात. नुसते उघडून न जतन करता बंद केल्यास मूळ फाइल सुरक्षित राहते. मात्र बंद करताना विचारलेल्या प्रश्नाला सवयीने `Save` असे उत्तर दिले, तर सेलमध्ये जे दिसत होते तेच, म्हणजे `2.01927E+18`, फाइलमध्ये लिहिले जाते. तेव्हा चारच नव्हे, तर पहिले सहा अंक सोडून बाकी सर्व अंक नाहीसे होतात.

## टप्पा २: रिकाम्या रकान्याला मजकुराचे स्वरूप देणे

आपल्या उदाहरणातील यादीत A रकान्यात अनुक्रमांक, B मध्ये जनरल रजिस्टर क्रमांक, C मध्ये नाव, D मध्ये स्टुडंट आयडी, E मध्ये आधार आणि F मध्ये बँक खाते आहे. पहिली ओळ शीर्षकांची असून मुले दुसऱ्या ओळीपासून त्रेचाळिसाव्या ओळीपर्यंत आहेत.

१. नवी, रिकामी शीट उघडावी. जुन्या यादीवर यादी चढवू नये.

२. D, E आणि F या रकान्यांच्या डोक्यावरील अक्षरांवर क्लिक करून पूर्ण रकाने निवडावेत. केवळ काही सेल निवडल्यास पुढे नवीन मुलाची ओळ जोडताना ती ओळ साध्या स्वरूपातच राहते.

३. `Ctrl+1` दाबावे, `Number` या टॅबवर `Text` निवडावे आणि `OK` करावे.

४. आता D2 मध्ये वरचा नमुना क्रमांक टाइप करून एंटर दाबावे. सर्व १९ अंक दिसले आणि क्रमांक सेलच्या डाव्या बाजूला टेकलेला असला, तर स्वरूप बरोबर लागले आहे. खात्री झाल्यावर तो नमुना पुसून टाकावा.

एखादाच क्रमांक लिहायचा असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरण चिन्ह टाइप केले तरी चालते. `'2019273099999010037` असे लिहिल्यास चिन्ह सेलमध्ये दिसत नाही आणि क्रमांक मजकूर म्हणून राहतो. पूर्ण वर्गाच्या यादीसाठी मात्र हा मार्ग धोक्याचा आहे, कारण बेचाळीस वेळा चिन्ह देताना एखादे राहून जाते आणि तेवढी एकच ओळ बिघडते. संपूर्ण रकाना बिघडला तर तो लगेच डोळ्यांत भरतो. एकच ओळ बिघडली असेल तर ती शोधावी लागते.

खबरदारी: मजकुराच्या सेलच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसतो. ‘आकडा मजकूर म्हणून साठवला आहे’ एवढेच तो सांगतो. ती चूक नाही, आपल्याला हवे तेच झाले आहे. त्रिकोणाशेजारच्या पर्यायांमध्ये `Convert to Number` सर्वांत वर असतो. तो निवडला की त्याच क्षणी शेवटचे चार अंक शून्य होतात. त्रिकोण नकोसा वाटत असेल तर `Ignore Error` निवडावे.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो: क्रमांक आधीच भरलेले असताना रकान्याला `Text` स्वरूप दिले तर काय होते? काहीच सुधारत नाही. स्वरूप पुढे येणाऱ्या नोंदींना लागू होते, आत आधीच शून्ये घेऊन बसलेला आकडा मात्र तसाच राहतो. केंद्रावरून परत आलेल्या याद्या पुन्हा तशाच जातात त्या यामुळेच.

## टप्पा ३: क्रमांक यादीत आणणे

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे घाई करू नये.

### पोर्टलवरील तक्ता कॉपी करून आणताना

ब्राउझरमधील तक्ता कॉपी करून साधे `Ctrl+V` केल्यास तक्त्यासोबत त्याचे स्वतःचे स्वरूपही येते, आणि आपण दिलेले `Text` स्वरूप त्याखाली पुसले जाऊ शकते. म्हणून पेस्ट करताना उजवे क्लिक करून `Match Destination Formatting` हा पर्याय घ्यावा. तो न दिसल्यास तक्ता आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करावा आणि तेथून पुन्हा कॉपी करून शीटमध्ये आणावा. नोटपॅडमधून जाताना स्वरूप गळून जाते, केवळ मजकूर उरतो आणि तो आपल्या `Text` रकान्यात सुखरूप बसतो.

### सीएसव्ही फाइलमधून आणताना

फाइलवर डबल-क्लिक न करता रिकामी शीट उघडून पुढील क्रमाने जावे. या पायऱ्या एक्सेल २०१६ आणि त्यापुढील आवृत्त्यांसाठी आहेत. मेनूंची नावे आवृत्तीनुसार थोडी वेगळी असू शकतात.

१. `Data` टॅबवर `From Text/CSV` निवडून फाइल दाखवावी.

२. पूर्वावलोकनाची खिडकी उघडल्यावर मुलांची मराठी नावे नीट वाचता येतात का ते पाहावे. त्या जागी विचित्र चिन्हे दिसत असतील, तर `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडावे.

३. `Data Type Detection` या यादीतून `Do not detect data types` निवडावे. यामुळे प्रत्येक रकाना मजकूर म्हणून येतो.

४. `Load` करावे.

तिसरी पायरी वगळली, तर एक फसवा प्रकार घडतो आणि तो समजून घेणे आवश्यक आहे. पूर्वावलोकनाच्या खिडकीत १९ अंकी आयडी पूर्ण आणि बरोबर दिसतो, कारण ती खिडकी मोठे पूर्णांक अचूक धरू शकते. पूर्वावलोकनात सर्व ठीक आहे म्हणून लिपिक निर्धास्तपणे `Load` करतात. पण तो रकाना तेथे आकडा म्हणून ओळखला गेलेला असतो, आणि शीटवर उतरताना त्याला पुन्हा पंधरा अंकांची मर्यादा लागते. म्हणून पूर्वावलोकनात अंक पूर्ण दिसतात की नाही यापेक्षा रकाना मजकूर आहे की आकडा हे पाहावे. `Transform Data` उघडल्यास प्रत्येक रकान्याच्या नावाशेजारी छोटे चिन्ह दिसते. `ABC` म्हणजे मजकूर आणि `123` म्हणजे आकडा. स्टुडंट आयडीपुढे `123` असेल तर त्या चिन्हावर क्लिक करून `Text` निवडावे, आणि विचारणा झाल्यास `Replace current` असे उत्तर द्यावे.

`Do not detect data types` निवडल्यावर शीर्षकांची ओळ कधी कधी पहिली नोंद म्हणून खाली येते आणि वर `Column1`, `Column2` अशी नावे दिसतात. तेव्हा `Transform Data` मध्ये जाऊन `Use First Row as Headers` वापरतात, आणि ते योग्यही आहे. मात्र हे केल्यावर उजवीकडील `Applied Steps` या यादीत अनेकदा `Changed Type` नावाची एक पायरी आपोआप जोडली जाते आणि सर्व क्रमांक पुन्हा आकडे बनतात. त्या पायरीपुढील फुलीवर क्लिक करून ती काढावी, D रकान्यापुढे `ABC` आले आहे हे पाहावे आणि मगच `Close & Load` करावे.

तपासणी: शीटवर यादी उतरल्यानंतर पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन मुलांचे आयडी नोटपॅडमध्ये उघडलेल्या मूळ प्रतीशी अंकाअंकाने जुळवावेत. जुळवताना उजवीकडून डावीकडे वाचावे. डावीकडून वाचल्यास पहिले पंधरा अंक जुळतात आणि डोळा तेथेच समाधान मानतो.

### मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असल्यास

नव्या आवृत्तीत `File`, `Options`, `Data` या मार्गाने गेल्यास `Automatic Data Conversion` नावाचा भाग दिसतो. लांब क्रमांकांचे पहिले १५ अंक ठेवण्याबाबतची खूण तेथून काढता येते, आणि मग डबल-क्लिक करून उघडलेल्या सीएसव्हीतही असे क्रमांक मजकूर म्हणून राहतात. शाळेच्या संगणकावर ही खूण जरूर काढावी. परंतु ही व्यवस्था त्या एका संगणकापुरती असते. तीच फाइल केंद्रप्रमुखांच्या संगणकावर उघडली, की तेथील व्यवस्था लागू होते. म्हणून केवळ या खुणेवर विसंबून सीएसव्ही फाइल इकडून तिकडे पाठवू नये.

### गुगल शीट्समध्ये काम करत असल्यास

तेथेही हाच धोका आहे. कॉपी-पेस्ट करण्यापूर्वी रकाना निवडून `Format`, `Number`, `Plain text` असे करावे. सीएसव्ही आणताना `File`, `Import` या मार्गाने जावे आणि `Convert text to numbers, dates, and formulas` यापुढील खूण काढावी.

## टप्पा ४: रकाना स्वच्छ करणे

पोर्टलवरून आलेल्या क्रमांकांना कधी कधी मागे रिकामी जागा चिकटलेली असते, आणि पालकांकडून आलेले आधार व खाते क्रमांक चार-चार अंकांच्या गटांत लिहिलेले असतात. या रिकाम्या जागा काढण्यासाठी `Find and Replace` वापरू नये. जागा निघाल्याबरोबर उरलेले सलग अंक एक्सेल नव्याने टाइप केल्यासारखे वाचू शकते, त्यांना आकडा ठरवू शकते आणि शेवटचे अंक शून्य करू शकते. आतापर्यंत नीट असलेली यादी या एका कृतीने बिघडते, आणि बिघाड शेवटच्या क्षणी झाल्याने तो लक्षातही येत नाही.

त्याऐवजी शेजारच्या रिकाम्या रकान्यात पुढील सूत्र लिहावे. ते साधी रिकामी जागा आणि वेब पानांवरून येणारी न दिसणारी रिकामी जागा अशा दोन्ही काढते, आणि त्याचे उत्तर मजकूरच राहते.

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2," ",""),CHAR(160),"")
```

सूत्र ४३ व्या ओळीपर्यंत ओढावे, उत्तरे कॉपी करावीत आणि D रकान्यावर `Paste Special` मधील `Values` ने पेस्ट करावीत. शेजारच्या रकान्यात सूत्राचे उत्तर न येता सूत्रच जसेच्या तसे दिसत असेल, तर त्या रकान्यालाही `Text` स्वरूप लागलेले आहे. मजकुराच्या रकान्याशेजारी नवा रकाना घातला की असे हमखास होते. त्या रकान्याला `General` स्वरूप देऊन सूत्र पुन्हा लिहावे.

खबरदारी: `VALUE` हे सूत्र, एकने गुणणे किंवा शून्य मिळवणे या युक्त्या आयडीच्या रकान्यावर कधीही वापरू नयेत. त्या मजकुराचा आकडा करण्यासाठीच आहेत आणि आपल्याला नेमके तेच टाळायचे आहे.

## टप्पा ५: सूत्राने तपासणी

तीन क्रमांक डोळ्यांनी जुळवणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. G रकान्याला `General` स्वरूप द्यावे, G2 मध्ये पुढील सूत्र लिहावे आणि ते खाली ओढावे.

```
=AND(ISTEXT(D2),LEN(D2)=19,RIGHT(D2,4)<>"0000")
```

प्रत्येक ओळीसमोर `TRUE` आले पाहिजे. यातील तिन्ही अटी आवश्यक आहेत, कारण प्रत्येक अट वेगळी चूक पकडते. `ISTEXT` ही अट मजकुराऐवजी आकडा म्हणून राहिलेली ओळ दाखवते. `LEN` ही अट एखादा अंक टाइप करताना राहिला असेल किंवा रिकामी जागा चिकटून राहिली असेल तर ते दाखवते. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. क्रमांक कुठेतरी आधीच बिघडून नंतर मजकूर बनवला गेला असेल, तर तो मजकूरही असतो आणि शून्ये धरून त्याचे १९ अंकही भरतात, त्यामुळे पहिल्या दोन अटी त्याला सोडून देतात. अनेक जण केवळ `LEN` लावून १९ आले की निश्चिंत होतात, आणि बिघडलेली यादी तपासणीतून सुटून पुढे जाते.

बँक खात्यांच्या F रकान्यासाठी हे सूत्र जसेच्या तसे चालणार नाही, कारण निरनिराळ्या बँकांच्या खाते क्रमांकांची लांबी वेगवेगळी असते. एका मुलाचे खाते अकरा अंकी असते, दुसऱ्याचे सोळा अंकी. अकरा अंकी खाती बिघडत नाहीत, सोळा अंकीच बिघडतात, आणि तीही फक्त एका शेवटच्या अंकाने. ज्या सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक मुळातच शून्य आहे, ते बिघडूनही बरोबरच दिसते. म्हणून वर्गातील निवडक मुलांचीच शिष्यवृत्ती परत आली असेल, तर प्रथम त्यांच्या खात्यांची लांबी पाहावी. F रकान्यात `ISTEXT` लावावे, आणि सोळा अंकी जितकी खाती शून्याने संपतात तितकी पासबुकाशी ताडून पाहावीत.

### एकच आयडी दोनदा आला आहे का, हे पाहताना

हा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे, कारण येथे बरोबर यादीही चुकीची ठरवली जाते. दुबार नोंदी शोधण्यासाठी बहुतेक जण पुढील सूत्र वापरतात:

```
=COUNTIF($D$2:$D$43,D2)
```

आपल्या यादीत सर्व आयडी मजकूर आहेत आणि अगदी बरोबर आहेत, तरीही हे सूत्र प्रत्येक ओळीसमोर ४२ दाखवेल. `COUNTIF` अंकांनी भरलेला मजकूर आपल्यापुरता आकडा म्हणून वाचते, त्यामुळे तेथे पुन्हा पंधरा अंकांची मर्यादा लागते आणि पहिले पंधरा अंक सारखे असलेले सर्व क्रमांक त्याला एकच वाटतात. `Conditional Formatting` मधील `Duplicate Values` वापरल्यास त्याच कारणाने संपूर्ण रकाना लाल होतो. ते पाहून आपली यादी बिघडली असे समजून पुन्हा पहिल्यापासून काम करणारे, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘दुबार’ ओळी पुसून टाकणारे लोक असतात. मूळ क्रमांकांना मात्र काहीही झालेले नसते.

त्याऐवजी हे सूत्र वापरावे. ते मजकुराची मजकुराशीच तुलना करते:

```
=SUMPRODUCT(--($D$2:$D$43=D2))
```

प्रत्येक ओळीसमोर १ आले तर एकही आयडी दुबार नाही. कोठे २ आले, तर ती दुबार नोंद खरी आहे. `COUNTIFS` आणि `SUMIF` यांनाही `COUNTIF` चाच दोष आहे. `VLOOKUP` आणि `MATCH` मात्र दोन्हीकडील क्रमांक मजकूर असतील तर नीट चालतात.

## टप्पा ६: यादी पुढे पाठवणे

यादी `.xlsx` स्वरूपात पाठवावी. या स्वरूपात रकान्याचा मजकूरपणा फाइलसोबत जातो आणि समोरच्या संगणकावरही टिकतो.

पोर्टलवर चढवण्यासाठी सीएसव्हीच हवी असेल, तर सर्व तपासणी `.xlsx` मध्ये पूर्ण करून अगदी शेवटी `Save As` मधून `CSV UTF-8` ही प्रत काढावी. मजकुराच्या रकान्यातून काढलेल्या सीएसव्हीत सर्व १९ अंक लिहिले जातात. प्रत काढल्यावर एक्सेल बंद करावे, ती नोटपॅडमध्ये उघडून पाहावी आणि तशीच चढवावी. ‘एकदा पाहून घेऊ’ म्हणून ती एक्सेलमध्ये उघडली आणि जतन केली, तर आतापर्यंतचे सर्व काम वाया जाते. पोर्टलने एखाद्या ओळीत चूक दाखवली, तरी दुरुस्ती `.xlsx` मध्येच करावी आणि सीएसव्ही नव्याने काढावी.

## आधीच बिघडलेली यादी हाती असल्यास

प्रथम जी यादी उघडलेली आहे ती जतन न करता बंद करावी. बिघाड आताच झाला असेल, तर डिस्कवरील फाइल अजून चांगली असू शकते.

शून्ये जतन झालेली असतील, तर त्या फाइलमधून मूळ अंक परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही. ते दुसरीकडूनच आणावे लागतात: पोर्टलवरून यादी पुन्हा उतरवावी, ज्या ई-मेलसोबत मूळ फाइल आली होती तिची जोडणी पुन्हा काढावी, किंवा फाइल वनड्राइव्हवर असेल तर `Version History` मधून जुनी आवृत्ती घ्यावी. सोळा अंकी कार्ड क्रमांक तेवढा अपवाद आहे. त्यातील शेवटचा अंक आधीच्या पंधरा अंकांवरून ठरावीक हिशेबाने काढलेला पडताळणी अंक असतो, म्हणून तो गेला तरी मोजून काढता येतो. अर्थात असे कार्ड क्रमांक शाळेच्या यादीत असण्याचेच कारण नाही. स्टुडंट आयडी किंवा बँक खात्याच्या बाबतीत शेवटचे अंक अंदाजाने भरणे म्हणजे दुसऱ्याच मुलाची नोंद किंवा दुसऱ्याचेच खाते लिहिणे होय, आणि ते कोणत्याही परिस्थितीत करू नये.

बिघडलेल्या यादीत गुण, उपस्थिती किंवा इतर माहिती आधीच भरलेली असते आणि ती टाकून देणे परवडत नाही. तेव्हा नव्या यादीतील आयडी जुन्या यादीला जोडावे लागतात. ही जोडणी आयडीवरून करता येत नाही, कारण जुन्या यादीत सर्वांचा आयडी एकच आहे. नावावरूनही करू नये. एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुले असतात, आणि शहरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू भाषक घरांतील मुले मोठ्या संख्येने असल्याने तेच नाव दोन याद्यांत दोन प्रकारे लिहिलेले आढळते. जोडणी जनरल रजिस्टर क्रमांकावरून करावी. नवी यादी `Nayi` नावाच्या शीटवर तिसऱ्या टप्प्याप्रमाणे आणावी, रजिस्टर क्रमांक तिच्या B रकान्यात आणि आयडी D रकान्यात ठेवावा. नंतर जुन्या यादीत `General` स्वरूपाच्या एका रिकाम्या रकान्यात हे सूत्र लिहावे:

```
=INDEX(Nayi!$D$2:$D$43,MATCH(B2,Nayi!$B$2:$B$43,0))
```

सगळीकडे `#N/A` आले, तर बहुधा एका यादीत रजिस्टर क्रमांक आकडा आहे आणि दुसरीत मजकूर. तो क्रमांक लहान असल्याने दोन्हीकडे सारखे स्वरूप आणणे सुरक्षित आहे. जुन्या यादीत तो आकडा असेल, तर सूत्रातील `B2` च्या जागी `B2&""` लिहिले की पुरते. एखाद्याच ओळीत `#N/A` आले, तर तो मुलगा मधल्या काळात शाळा सोडून गेला आहे का, हे रजिस्टरमध्ये पाहावे.

उत्तरे आल्यावर ती `Values` ने जुन्या D रकान्यावर पेस्ट करावीत, पाचव्या टप्प्यातील दोन्ही सूत्रे पुन्हा चालवावीत आणि बिघडलेली फाइल वेगळ्या नावाने बाजूला ठेवावी, म्हणजे पुढच्या महिन्यात चुकून तीच उघडून तिच्यावर काम सुरू होणार नाही.